दोन झाडांचे आडनाव

चाकणमधल्या आमच्या कारखान्यापासून जवळच एक लहानसे अतिथिगृह आहे. ही गोष्ट त्याच्या काउंटरपाशी घडली, रात्री पावणेबाराच्या सुमारास. सुझौहून आलेल्या एका अभियंता बाईंना मुंबईच्या विमानतळावरून घेऊन मी तिथे पोहोचलो होतो. घाटात गाडी दीड तास अडकली होती, बाईंच्या डोळ्यांवर झोप होती आणि काउंटरवरच्या मुलाने नुकताच कुठेतरी फिनाईलचा पोछा मारलेला असावा असा वास सगळीकडे भरून राहिला होता. परदेशी पाहुणा उतरला की तेव्हा चोवीस तासांच्या आत फॉर्म सी भरून पाठवावा लागे, म्हणून त्या मुलाने संगणकावर तो फॉर्म उघडला आणि मला विचारले, “सर, मॅडमचं आडनाव काय टाकू?” मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, “यांग. लिन हे नाव. चिनी लोकांत आडनाव आधी येतं.” ते शेवटचे वाक्य मी जरा थाटातच उच्चारले असणार, कारण ही माहिती आपल्याला आहे याचा मला अनेक वर्षे अभिमान होता. मुलाने पासपोर्ट दिव्याखाली धरला, पुन्हा पडद्याकडे पाहिले, आणि अवघडलेल्या आवाजात म्हणाला, “सर, पण इथं सरनेममध्ये लिन आहे. यांग खाली गिव्हन नेममध्ये आहे.”

बाईंना मराठी येत नव्हते. पण आपले नाव दोनदा, दोन उलटसुलट क्रमांनी उच्चारले गेल्याचे त्यांना कळले नसेल असे मुळीच नाही. त्या हसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या की दोन्ही चालेल, काही हरकत नाही. मी पासपोर्ट हातात घेतला. छायाचित्राखालच्या दोन यंत्रवाच्य ओळींपैकी पहिल्या ओळीत देशाच्या संकेतानंतर स्पष्ट छापले होते: `LIN<<YANG<<<<`. पासपोर्ट कोणत्याही देशाचा असला तरी त्या ओळीत आडनाव आधी येते, मग हे दोन टोकदार कंस, आणि मग स्वतःचे नाव. तिथे वादाला जागाच नसते. (बाईंचे खरे नाव इथे लिहिणे योग्य नाही, म्हणून अगदी त्याच घडणीचे दुसरे नाव मी घेतले आहे.) म्हणजे मागचे आठ महिने, आठवड्यातून तीन-चार वेळा, मी ज्यांना ‘डिअर मिस यांग’ असे लिहीत होतो, त्या मिस यांग नव्हत्याच.

त्या रात्री घरी पोहोचल्यावर मी जुना पत्रव्यवहार उघडून बसलो.

पहिल्या ईमेलमध्ये त्यांचे नाव पडद्यावर `Yang Lin` असे दिसत होते. आता मला त्या दिवशीचा माझा विचार लख्ख आठवतो. मी मनाशी म्हटले होते की साधा माणूस इथे ‘मिस लिन’ लिहून मोकळा होईल, कारण आपल्याला आडनाव शेवटी वाचायची सवय असते. पण मला ठाऊक आहे की चिनी नावात पहिला तुकडा आडनावाचा, तेव्हा मी ‘मिस यांग’ लिहिणार. माझी माहिती चुकीची नव्हती. माओ, चाऊ, शी ही सगळी आडनावेच आहेत आणि ती पुढेच लिहिली जातात. चूक झाली ती अशी, की परदेशी सहकाऱ्यांशी इंग्रजीत बोलायचे म्हणून बाईंनी आपले नाव आधीच उलटे करून ठेवले होते. कंपनीच्या संगणकप्रणालीत ‘फर्स्ट नेम’ आणि ‘लास्ट नेम’ असे दोन रकाने होते, त्यांनी पहिल्यात यांग आणि दुसऱ्यात लिन असे प्रामाणिकपणे भरले होते, आणि प्रणालीने ते त्याच क्रमाने दाखवले होते. त्या माझ्यासाठी वळल्या आणि मी त्यांच्यासाठी वळलो. पुण्याच्या पेठांतल्या एखाद्या अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसे एकमेकांना वाट देण्यासाठी एकाच बाजूला सरकतात आणि पुन्हा समोरासमोरच उभी ठाकतात, तसा हा प्रकार. काहीही माहिती नसलेला माणूस या बोळातून सरळ निघून गेला असता. अर्ध्या माहितीचा माणूसच तेवढा धडकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी माफी मागितली, तेव्हा त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली, माझ्या वहीचा कोपरा ओढून घेतला आणि पेन्सिलीने एक झाड काढले. चिनी लिपीतले झाडाचे अक्षर खरोखरच झाडासारखे दिसते: एक उभा बुंधा, वर एक आडवी फांदी आणि खाली दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या दोन रेघा. त्याच्या शेजारी त्यांनी तसेच दुसरे झाड काढले. दोन झाडे मिळून वन, उच्चार लिन, आणि हे त्यांचे आडनाव. मग त्यांनी दुसरे अक्षर लिहिले, ज्याच्या उजव्या अर्ध्या भागात सूर्याचे चौकोनी चिन्ह होते. हा यांग, म्हणजे ऊन, आणि हे त्यांचे स्वतःचे नाव. मी विचारले की मग यांग हे आडनाव मी कुठून शिकलो? त्या म्हणाल्या की तेही आडनावच आहे, फार मोठ्या संख्येने आढळणारे, पण त्याचे अक्षर वेगळे. आणि त्यांनी ते लिहून दाखवले तर त्यातही डाव्या बाजूला एक झाड उभे होते, कारण ते पॉप्लरच्या झाडाचे अक्षर आहे. उच्चार दोन्हींचा तंतोतंत एक, अगदी सूरसुद्धा एकच. एवढ्यावर न थांबता त्यांनी चौथे अक्षर लिहिले: तीच दोन झाडे, पण डावीकडे जेडच्या मौल्यवान दगडाचे लहान चिन्ह. याचाही उच्चार लिन, आणि हे मात्र मुलींच्या नावात आवडीने घातले जाते. म्हणजे ‘पॉप्लर’ आडनावाची ‘जेड’ नावाची एखादी स्त्री माझ्या मनात आठ महिने वावरत होती, आणि ती काल्पनिक असली तरी अशक्य कोटीतली नव्हती. त्या नावाच्या कितीतरी बायका चीनमध्ये असतील. समोर बसल्या होत्या त्या मात्र ‘वन’ आडनावाच्या आणि ‘ऊन’ नावाच्या. अक्षरांत या दोघी पूर्णपणे वेगळ्या दिसतात, पण रोमन लिपीत उतरल्या की त्यांच्यातला फरक एका क्रमावर येऊन टेकतो, आणि तो क्रमच भरवशाचा नसतो.

मला थोडे बरे वाटले, कारण निदान माझी चूक ढोबळ नव्हती. पण लगेच दुसरी एक गोष्ट टोचू लागली. त्या बोलल्या का नाहीत? आठ महिन्यांत एखाद्या ओळीत सहज सांगता आले असते. हा प्रश्न मी आडवळणाने विचारला, आणि जे उत्तर मिळाले ते मला अजिबात अपेक्षित नव्हते. त्यांना वाटले होते की मी मुद्दामच त्यांना नावाने संबोधतो आहे, कारण भारतीय लोक असेच करतात. आमच्या कंपनीतले इतर लोक त्यांना पत्रे लिहीत, त्यांत कोणी कोणाला ‘मिस्टर राजेश’ म्हणत होते, कोणी ‘मिस मेघना’; त्यांनी शोधून पाहिले तर ही सगळी पहिली नावे निघाली. आपल्याकडे मिस्टरच्या मागे आडनावच हवे असा कटाक्ष कोणी पाळत नाही, हे खरेच आहे. तेव्हा ‘मिस यांग’ हा त्यांनी भारतीय शिष्टाचार समजून स्वीकारला होता. माझी चूक आपल्याच एका सवयीच्या आडोशाला सुखरूप बसून राहिली होती.

पण त्यांना ते कानाला कसे लागत होते, हे मी नंतर त्यांच्या कार्यालयातल्या एका तरुणाकडून ऐकले. ज्याचे स्वतःचे नाव एकाच अक्षराचे असते, त्याला त्या एका अक्षराने हाक मारण्याची चिनी माणसांत फारशी रीत नाही. तेवढे जवळचे बोलणे आईबाप किंवा नवराबायको यांच्यापुरते असते. मित्रही सरळ पूर्ण नाव घेतात, लिन यांग, दोन अक्षरे एका दमात, आणि त्यात कोणताही कोरडेपणा नसतो. कारखान्यात तर त्या ‘लिन गोंग’ आहेत. अभियंता या चिनी शब्दाच्या सुरुवातीचे अक्षर ‘गोंग’. ते आडनावाला जोडले की झाली हाक, जशी आपल्याकडे ‘कुलकर्णी साहेब’ किंवा शाळेत ‘देशपांडे सर’. आणि खरी शरमेची बाब म्हणजे हा शब्द माझ्या डोळ्यांसमोरून गेलेला होता. मार्चमधल्या एका पत्रात त्यांच्या सहकाऱ्याने, बहुधा घाईत, इंग्रजी मजकुरातच `Lin gong will check the gate size` असे लिहिले होते. साच्यात वितळलेला धातू जिथून शिरतो त्या तोंडाचे माप लिन गोंग तपासतील, एवढाच त्याचा अर्थ. मी त्या वेळी गोंग म्हणजे कोणीतरी तिसरी व्यक्ती आहे असे समजून पुढे गेलो.

खुणा आणखीही होत्या. त्या रात्री पत्रांच्या ‘सीसी’च्या ओळीकडे मी प्रथमच नीट पाहिले. तिथे सुझौच्या सात जणांची नावे होती आणि त्यांतले एक होते `Jianguo Wang`. वांग हे उघडच आडनाव, आणि ज्यानग्वो हा दोन अक्षरे जोडून लिहिलेला तुकडा उघडच नाव. चिनी नावांच्या रोमन लेखनात दोन अक्षरी नाव असे सलग लिहितात आणि आडनाव जवळजवळ नेहमी एकाच अक्षराचे असते. (ओउयांग, सिमा अशी काही दोन अक्षरी आडनावे आहेत, पण ती मोजकीच.) म्हणजे त्या यादीत ज्यानग्वो आधी आणि वांग नंतर होता. यादी एकाच प्रणालीतून आलेली असेल, तर एक निःसंदिग्ध नाव उरलेल्या सगळ्यांचा क्रम सांगून टाकते. `Yang Lin` या नावाकडे एकटे पाहून काहीही ठरवता येत नव्हते; त्याच्या शेजारच्याकडे पाहिले असते तर ठरले असते. आता मी नवीन माणसाला लिहिण्यापूर्वी सीसीमधला असा लांबट तुकडा शोधतो. त्यातही सावध राहावे लागते, कारण कोणी आपले नाव हाताने टाकलेले असते, कोणी ‘केविन’ किंवा ‘ग्रेस’ असे इंग्रजी नाव घेतलेले असते, आणि एकाच यादीत दोन्ही क्रम सुखाने नांदत असतात. नावात स्वल्पविराम असेल तर मात्र निश्चिंत व्हावे: `Lin, Yang` असे लिहिले असेल तर स्वल्पविरामाच्या आधीचे ते आडनाव. एवढ्याशा टिंबाला शेपूट फुटते आणि सगळी शंका मिटते.

हा घोळ आपण मराठी वाचक रोज सकाळी चहाबरोबर पितो आणि आपल्याला चवही कळत नाही, हे त्यानंतर माझ्या लक्षात आले. आपल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे ‘शी जिनपिंग’ आणि ‘शिंजो आबे’ एकाच पानावर छापले गेले. शी हे आडनाव, ते पुढे. आबे हेही आडनाव, पण ते मागे. इंग्रजी वृत्तसंस्थांकडून जसे आले तसे आपण लिप्यंतर केले, आणि वाचकाला वाटले की चिनी आणि जपानी लोकांच्या रीती वेगळ्या असाव्यात. त्या वेगळ्या नाहीत. आपापल्या भाषेत दोघेही आडनाव आधीच लिहितात, आणि कोरियन माणूसही. फरक एवढाच की जपानी लोकांनी मेइजी काळात, एकोणिसाव्या शतकात, पाश्चात्त्यांशी व्यवहार सुरू झाल्यावर रोमन लिपीत आपले नाव स्वतःहून उलटे लिहायला सुरुवात केली, आणि चीन व कोरियाच्या नेत्यांच्या बाबतीत तसे सरसकट झाले नाही. (शी यांच्या नावाचे हाल तर वेगळेच. सप्टेंबर २०१४ मध्ये ते भारतात आले असताना दूरदर्शनच्या बातम्यांत `Xi` हे रोमन अंक समजून ‘इलेव्हन जिनपिंग’ असे वाचले गेले होते. तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. आता मला तेवढे हसू येत नाही.)

जपानची गोष्ट २०२० पासून आणखी गुंतागुंतीची झाली आहे. तिथल्या राष्ट्रीय भाषा परिषदेने २००० मध्येच सुचवले होते की रोमन लिपीतही आडनाव आधी लिहावे, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मग मे २०१९ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री कोनो तारो यांनी परदेशी माध्यमांना विनंती केली की पंतप्रधानांचे नाव ‘आबे शिंजो’ असे लिहावे, आणि १ जानेवारी २०२० पासून सरकारी कागदपत्रांत हा क्रम लागू झाला. जिथे गोंधळ होण्याची शक्यता असेल तिथे आडनाव सगळे मोठ्या अक्षरांत लिहावे, अशीही त्यात सोय आहे. खासगी कंपन्यांना मात्र हे बंधन नाही. त्यामुळे आज एका जपानी सहकाऱ्याच्या सहीत `Hiroshi Tanaka` असते आणि दुसऱ्याच्या सहीत `TANAKA Hiroshi`, आणि दोघेही बरोबर असतात. मोठ्या अक्षरांची ही युक्ती मला फार आवडते, कारण ती क्रमाचा हट्टच सोडून देते. आडनाव पुढे असो की मागे, ते उंच उभे असते, गर्दीत छत्री वर धरून उभ्या असलेल्या नातेवाइकासारखे, आणि डोळा आपोआप तिकडे जातो.

जपानी सहकाऱ्याबाबत माझी चूक दुसऱ्याच प्रकारची होती आणि ती मला कोणी सांगितली नाही, मी ती हळूहळू ओळखली. त्यांना आपण तानाका म्हणू. क्रम मी बरोबर ओळखला होता, हिरोशी हे नाव आणि तानाका हे आडनाव, आणि मग मी मोठ्या आपुलकीने ‘हिरोशी-सान’ असे लिहायला लागलो. ‘सान’ लावले म्हणजे आदर आला, अशी माझी समजूत. त्यांचे उत्तर नेहमी ‘कुलकर्णी-सान’ने सुरू व्हायचे, आणि खाली सही असायची `H. Tanaka`. तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आले की ते दर पत्रात एकच गोष्ट शांतपणे सांगत आहेत: मी तुम्हाला आडनावाने हाक मारतो, आणि माझे पहिले नाव एका अक्षरात मिटवून ठेवतो. आपल्याकडे ‘वसंतराव’ म्हणताना मान पहिल्या नावाला लागतो आणि ‘साहेब’ म्हणताना आडनावाला, दोन्ही चालते. त्यांच्या कार्यालयात ‘सान’ची जागा आडनावामागेच असते, मग ओळख वीस वर्षांची का असेना. मी ‘तानाका-सान’ लिहू लागल्यावर त्यांनी काहीही म्हटले नाही. सही मात्र दोन-चार पत्रांनी पूर्ण नावाची झाली. हा योगायोगही असेल. मी त्यातून जास्त अर्थ काढत असेन.

कोरियाच्या बाबतीत क्रमापेक्षा तुकड्यांनी मला फसवले. तिथे पाच माणसांत एक किम असतो, आणि किम, ली आणि पार्क ही तीन आडनावे मिळून निम्म्याच्या जवळ जाणारी लोकसंख्या व्यापतात, त्यामुळे आडनाव कोणते हे ओळखणे सहसा अवघड जात नाही. अवघड असते ते उरलेले. मिन-सू हे एकच नाव, पण कोणी त्यात जोडरेघ घालतो, कोणी सलग लिहितो, आणि कोणी `Min Su Kim` असे तीन सुटे शब्द लिहितो. हे तिसरे रूप पाहिल्यावर आपल्या डोक्यातला साचा लगेच कामाला लागतो: मिन हे नाव, सू हे मधले नाव, किम आडनाव. मधले नाव असे काही कोरियन माणसाला नसतेच. मी ‘डिअर मिन’ असे लिहिले, म्हणजे अर्धेच नाव घेतले. आणि पुष्कळ कोरियन घराण्यांत त्या दोन अक्षरांपैकी एक अक्षर एका पिढीतल्या सगळ्या भावांना आणि चुलतभावांना सारखेच दिलेले असते, त्यामुळे मी ज्या अक्षराने हाक मारली ते कदाचित त्यांचे एकट्याचे नव्हतेही. बरे, ‘मिस्टर किम’ लिहावे तर सीसीमध्ये चार किम. आणि आडनावाला नुसते ‘शी’ हे आदराचे उपपद लावून ‘किम-शी’ म्हणणे तर तिथे कानाला उर्मट लागते. तेच ‘शी’ पूर्ण नावाला लावले की ठीक असते. तिथल्या कार्यालयांत यावर उपाय म्हणजे हुद्दा. किम ग्वाजांग-निम, म्हणजे विभागप्रमुख किम साहेब. आणि दोन किम विभागप्रमुख असतील तर पूर्ण नाव आणि मग हुद्दा. इंग्रजी पत्रात ते स्वतः एकमेकांना ‘डिअर मॅनेजर किम’ असे लिहितात. इंग्रजीच्या शिक्षकाला ते चालणार नाही, पण मी ते उचलले आहे.

चार किमांवरून मला माझ्या वडिलांचे टेबल आठवले. ते एका शाळेत लिपिक होते आणि शाळेचे जनरल रजिस्टर त्यांच्या हस्ताक्षरात होते. त्या जाडजूड, कापडी पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येक मुलाचे नाव आडनावापासून सुरू व्हायचे: आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव. दाखल्यावर तसेच, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरही आडनाव प्रथम. हजेरी घेताना ‘कुलकर्णी’ म्हटले की आमच्या वर्गात तीन माना वर व्हायच्या आणि मास्तर पुढचे नाव घेईपर्यंत त्या तशाच राहायच्या. घरी आल्यावर मात्र आडनाव शेवटी जायचे, लग्नपत्रिकेवर आणि दारावरच्या पाटीवर ते शेवटीच असायचे, आणि या दोन क्रमांत काही विसंगती आहे असे कोणाच्या मनातही येत नसे. तेव्हा आडनाव आधी लिहिणारे लोक कोणी दूरचे आहेत, असा आव मी आणावा याला काही आधार नाही. मी स्वतः तसाच लिहिला गेलो आहे, माझ्याच वडिलांच्या बोरूने म्हटले तरी चालेल.

आणि माझ्या नावाचे तिकडे काय होत असेल, याचा पत्ताही त्याच वर्षी लागला. सोलहून आलेल्या एका पत्राची सुरुवात होती ‘डिअर मिस्टर दत्तात्रय’. माझ्या तीन तुकड्यांतला मधला तुकडा त्यांनी उचलला होता, जो माझ्या वडिलांचा आहे. मी पत्र बंद करून पुन्हा उघडले. पत्रात एका सेन्सरच्या उशिराबद्दल तक्रार होती आणि ती सगळी तक्रार माझ्या निवृत्त वडिलांना उद्देशून होती. संध्याकाळी त्यांना सांगितले तर ते गंभीरपणे म्हणाले, “मग उत्तर दिलंस का माझ्या वतीने?” मी त्या कोरियन गृहस्थांना दुरुस्ती कळवली नाही. एवढ्यासाठी काय सांगायचे, असे मला वाटले. आणि असे वाटत असतानाच मला लिन बाईंचे आठ महिन्यांचे मौन समजले.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. माझ्या सहीत आडनाव मोठ्या अक्षरांत केले आणि मधले नाव काढून टाकले. वडिलांचे नाव काढताना हात क्षणभर थांबला, पण परदेशी पत्रव्यवहारापुरते ते काढणेच बरे होते. दुसरी गोष्ट म्हणजे, नवीन माणसाला पहिले पत्र लिहिताना क्रम ओळखता आला नाही तर मी पूर्ण नाव, जसे त्यांच्या सहीत असेल तसेच आणि त्याच क्रमाने, लिहितो, आणि शेवटी एक ओळ घालतो की आपले आडनाव कोणते आणि आपल्याला कसे संबोधलेले आवडेल ते कृपया कळवावे. ही ओळ पहिल्याच पत्रात शोभते. चौथ्या पत्रात ती विचारायला लाज वाटू लागते आणि आठव्या महिन्यात ती विचारताच येत नाही.

लिन बाई परत गेल्यावर त्यांच्या पहिल्याच पत्रातली सही बदललेली होती: `LIN Yang`. नाव पुन्हा आपल्या मूळ क्रमात आले होते आणि आडनाव उंच झाले होते. मी उत्तरात ‘डिअर मिस लिन’ लिहिले आणि पाठवण्यापूर्वी तीनदा तपासले. पंपाच्या आवरणाचा तो साचा अजून पूर्ण झालेला नाही; धातू एका कोपऱ्यात नीट भरत नाही आणि तिथे बारीक छिद्रे राहतात, म्हणून त्याच विषयाचे तेच जुने पत्र आम्ही दोघे पुढे पुढे उत्तर देत चालवतो आहोत. वर नवीन मजकूर येतो आणि खाली जुना साचत जातो. मी कधी एखादे जुने माप शोधायला खाली सरकत गेलो, की ‘मिस लिन’ची पत्रे लवकरच संपतात आणि मग ती दुसरी सुरू होते, पॉप्लरच्या आडनावाची आणि जेडच्या नावाची, एकामागून एक, पार तळापर्यंत. दर वेळी उत्तर पाठवताना तीही सोबत जाते.